सर्किट स्थिरावेपर्यंत हात लावू नये

भिंतीवरचे दिव्याचे बटण वर आहे की खाली, हे चाचपून पाहिले की दिवा चालू की बंद ते कळते. पण काही टेबल-दिव्यांना एकच गोल बटण असते. दाबून सोडले की दिवा लागतो; पुन्हा दाबून सोडले की विझतो. बोटाची कृती दोन्ही वेळा अगदी सारखी आणि परिणाम मात्र उलटा. याचा अर्थ त्या दिव्याला मागचे काहीतरी आठवत असले पाहिजे. टेबल-दिव्याच्या बटणात ही आठवण स्प्रिंग आणि खाचा यांच्या मदतीने ठेवलेली असते. तेच काम विजेच्या गेटांकडून करून घ्यायचे ठरवले, की आपण एका जुन्या आणि थोड्या उपेक्षित शास्त्राच्या दारात येऊन उभे राहतो. त्याचे नाव असिंक्रोनस सिक्वेन्शिअल डिझाइन. सोप्या शब्दांत सांगायचे तर, स्मृती असलेली पण घड्याळाच्या ठोक्यावर न चालणारी सर्किटे रचण्याची विद्या.

या विद्येच्या पाठ्यपुस्तकांत प्रकरणाच्या सुरुवातीलाच एक वाक्य असते. सर्किट फंडामेंटल मोडमध्ये चालते असे गृहीत धरू. म्हणजे इनपुट एका वेळी एकच बदलेल आणि तेही सर्किट पूर्ण स्थिर असतानाच. एवढे सांगून पुस्तक पुढे तक्त्यांकडे वळते. रद्दीच्या दुकानांतून गोळा केलेल्या पुस्तकांवर शिकलेल्या माझ्यासारख्याला हे वाक्य पुष्कळ वर्षे खटकत राहिले. बाकी सगळे पुस्तक सर्किटाने कसे वागावे हे सांगते. हे एकच वाक्य सर्किटाबाहेरच्या जगाने कसे वागावे हे सांगते. बाहेरच्या जगाला ही अट कोणी कळवली? आणि त्याने ती पाळली नाही तर नेमके काय होते? हा लेख एवढ्यापुरताच आहे.

थोडा इतिहास आधी सांगितला पाहिजे, कारण ही अट ज्या काळात जन्मली त्या काळात ती फारशी जाचक नव्हती. क्लॉड शॅननने 1937 साली आपल्या प्रबंधात दाखवून दिले की रिले आणि स्विचांच्या जोडण्या बूलच्या बीजगणिताने लिहिता येतात. पण ते बीजगणित स्मृतीविषयी काही बोलत नव्हते. आता इनपुट काय आहे एवढ्यावर आउटपुट ठरत असेल तर ते पुरते. आधी काय घडले यावरही ठरत असेल तर पुरत नाही. ती उणीव भरून काढली डेव्हिड हफमन यांनी. संगणकातल्या फाइली आटवण्यासाठी वापरली जाणारी हफमन संकेतपद्धती ज्यांची, तेच हे हफमन. एमआयटीत 1953 साली केलेला आणि पुढच्या वर्षी फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात छापून आलेला त्यांचा प्रबंध या विद्येचा पाया मानला जातो. त्यांनी सर्किटाची हकिगत एका तक्त्यात मांडायला शिकवले. एका बाजूला अवस्था, वर इनपुट, आणि प्रत्येक घरात ‘इथून पुढे कुठे’ याचे उत्तर. ज्या घरातून पुढे कुठेच जायचे नसते ते स्थिर घर. बाकीची घरे वाटेवरची. तिथे थांबायचे नसते. फंडामेंटल मोड हे नाव रूढ केले ते पुढे एडवर्ड मॅक्लस्की यांनी, 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला.

त्या वेळी डोळ्यांपुढे होते ते रिले आणि टेलिफोन. आपल्यापैकी ज्यांनी गोल तबकडीचा फोन फिरवला आहे त्यांना परत येणाऱ्या तबकडीचा टरटर आवाज आठवत असेल. ती तबकडी सेकंदाला साधारण दहा ठोके पाठवत असे, म्हणजे एका ठोक्याला शंभर मिलिसेकंद. पलीकडच्या रिलेला हलून स्थिर व्हायला त्याच्या काही अंशाइतकाच वेळ लागे. त्यामुळे पुढचा ठोका येईपर्यंत सगळे रिले निवांत बसलेले असत. अट पाळली जात होती, पण ती कोणी मुद्दाम पाळत नव्हते. माणसाचे बोट आणि तबकडीतली स्प्रिंग यांच्या संथपणामुळे ती आपोआप पाळली जात होती.

आता आपला एका बटणाचा दिवा गेटांनी बांधू. त्यासाठी दोन आठवणी लागतात. पहिली म्हणजे दिवा स्वतः, लागलेला किंवा विझलेला. दुसरी पडद्यामागची, तिला आपण नोंद म्हणू. या दोघांनी पाळायचे नियम दोनच आहेत. बटण दाबलेले असताना दिव्याने नोंदीच्या उलट व्हायचे आणि नोंदीने जागेवर राहायचे. बटण सोडलेले असताना नोंदीने दिव्याची नक्कल करायची आणि दिव्याने जागेवर राहायचे.

ताडून पाहू. सुरुवातीला दिवा 0, नोंद 0, बटण वर. बटण दाबले, नोंद 0 आहे म्हणून दिवा 1 झाला. बटण सोडले, नोंदीने दिव्याकडे पाहून स्वतःला 1 केले. पुन्हा दाबले, नोंद 1 म्हणून दिवा 0. सोडले, नोंदही 0. दोन दाबण्यांत आपण परत सुरुवातीला आलो. गंमत अशी की दिवा आणि नोंद कधीच एकदम बदलत नाहीत. एक बदलतो तेव्हा दुसरा गप्प बसतो. बटणाला x, नोंदीला y1 आणि दिव्याला y2 म्हटले, आणि उलटी किंमत दाखवायला डोक्यावर चिन्ह दिले, तर हे सर्किट दोन ओळींत मावते. ज्यांना बीजगणिताशी वाकडे आहे त्यांनी या दोन ओळी खुशाल ओलांडाव्यात.

```
Y1 = x'·y2 + x·y1  + y1·y2
Y2 = x'·y2 + x·y1' + y1'·y2
```

डावीकडचे मोठे अक्षर म्हणजे ‘आता व्हायला हवे ते’ आणि उजवीकडचे छोटे म्हणजे ‘आता आहे ते’. दोन्ही जुळले की सर्किट स्थिर. जुळले नाही तर सर्किट वाटेत आहे. स्थिरतेची व्याख्या एवढीच.

कागदावर हे एका क्षणात होते. प्रत्यक्षात प्रत्येक गेटाला वेळ लागतो. हिशेबाला सोपे जावे म्हणून प्रत्येक गेटाला 10 नॅनोसेकंद लागतात असे धरू. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक अब्जांश. गेट तीन प्रकारची: आलेला संकेत उलटा करणारे नॉट, दोन्ही होय असतील तरच होय म्हणणारे अँड, आणि एक जरी होय असेल तरी होय म्हणणारे ऑर. दिवा विझलेला असताना शून्याव्या क्षणी बटण दाबले. 10 व्या नॅनोसेकंदाला अँड गेट ‘बटण दाबले आहे आणि नोंद 0 आहे’ असे म्हणते. 20 व्या नॅनोसेकंदाला ऑर गेट दिवा लावते. ही बातमी आता परत फिरून सर्किटाच्या तोंडाशी येते, कारण दिवा टिकून राहण्यासाठी त्याला स्वतःचाच आधार हवा असतो. 30 ला तो आधार देणारे अँड गेट जागे होते आणि 40 ला ऑर गेटाच्या बाहेर त्या आधाराचा परिणाम पोचलेला असतो. आता कुठेही काही बदलायचे शिल्लक नाही. बाकीच्या तीन पायऱ्यांचा असाच हिशेब केला तर सगळ्यात लांबलेली पायरी 50 नॅनोसेकंदांत शांत होते. तेव्हा या सर्किटाची मागणी अशी: एका बदलानंतर निदान 50 नॅनोसेकंद मला हात लावू नका.

समजा कोणी लावला. बटणाच्या जागी दुसऱ्या एखाद्या सर्किटाची तार आहे आणि तिच्यावर फक्त 8 नॅनोसेकंदांचा ठोका आला. बटण शून्याला दाबले आणि 8 ला सोडले. पहिले अँड गेट 10 ते 18 होय म्हणते. दिवा 20 ते 28 लागतो. त्याला आधार देणारे गेट 30 ला जागे होते, पण तोवर दिवा विझून गेलेला आहे. मात्र 20 ते 28 या काळात लागलेल्या दिव्याची बातमी वाटेत आहेच. ती 30 ते 38 आधाराच्या गेटातून बाहेर पडते आणि 40 ते 48 दिवा पुन्हा लावते. पुढे 60 ते 68, मग 80 ते 88. आठ नॅनोसेकंदांची ती लागण त्या वळशात दर 20 नॅनोसेकंदांनी फेरी मारत राहते. बटण केव्हाच सोडलेले आहे, इनपुट अगदी शांत आहे, आणि आत दिवा लागतो-विझतो आहे. नोंद बिचारी त्याची नक्कल करायला बसलेली असल्यामुळे तिचीही तीच गत होते.

हे आदर्श गेटांचे झाले. खरे गेट इतका बारीक ठोका जसाच्या तसा पुढे पाठवत नाही. ते त्याला प्रत्येक फेरीत थोडे आकसवते किंवा थोडे फुगवते. आकसत गेला तर ठोका मरतो आणि दिवा विझलेला राहतो. फुगत गेला तर सगळी फेरी व्यापतो आणि दिवा लागलेला राहतो. कोणते होईल हे तक्ता सांगू शकत नाही. तक्त्यात ‘दिवा 0, बटण दाबले’ या घराचे उत्तर आहे, आणि ‘दिवा 1, बटण सोडले’ याचेही आहे. आपण मात्र बटण सोडले तेव्हा दिवा धड 0 ही नव्हता आणि धड 1 ही नव्हता. तक्त्यात त्यासाठी घरच नाही.

फंडामेंटल मोडच्या अटीचे खरे कारण मला इथे दिसते. सर्किट मंद आहे म्हणून त्याला सांभाळून घ्या, असा तिचा अर्थ नाही. रचनाकाराने ज्या भाषेत सर्किटाचे वर्तन लिहिले आहे त्या भाषेत फक्त स्थिर घरांची नावे आहेत. वाटेत असताना दुसरा प्रश्न विचारला तर तो प्रश्नच त्या भाषेत लिहिता येत नाही; मग उत्तर बरोबर की चूक ही चर्चा पुढची.

अटीचा दुसरा भाग, ‘एका वेळी एकच इनपुट’, हा वेगळा नियम वाटतो, पण मुळात तो तोच आहे. दोन तारा ‘एकदम’ बदलल्या असे आपण म्हणतो तेव्हा एवढेच खरे असते की त्यांच्यातले अंतर आपल्याला मोजता आले नाही. सर्किटाला मात्र त्यातली एक आधी पोचतेच. म्हणजे पहिल्या बदलानंतर सर्किट स्थिरावण्याच्या आत दुसरा बदल आला. कोणता आधी पोचला हे तारांच्या लांबीने आणि गेटांच्या तापमानाने ठरवले, रचनाकाराने नव्हे.

इथवर दोष बाहेरच्या जगाचा होता. आता एक अशी गोष्ट सांगतो जिच्यात बाहेरचे जग अगदी सज्जनपणे वागते आणि तरी सर्किट फसते. वरच्या सर्किटात बटणाची बातमी दोन रूपांत फिरते: सरळ, आणि नॉट गेटातून उलटी होऊन. म्हणजे इनपुट एकच असले तरी ते सर्किटाच्या दोन कोपऱ्यांत दोन वेगळ्या वेळी पोचते. समजा ते नॉट गेट दूर कुठेतरी आहे आणि त्याची तार लांब आहे, त्यामुळे उलटी बातमी 10 ऐवजी 60 नॅनोसेकंदांनी पोचते. बटण एकदाच दाबले आणि दाबूनच धरले आहे. घाई नाही, गडबड नाही.

दिवा ठरल्याप्रमाणे 20 ला लागतो. पण नोंदीच्या गेटाला अजून वाटते आहे की बटण सोडलेलेच आहे, कारण तिच्याकडे जुनी बातमी आहे. बटण सोडलेले असताना तिने दिव्याची नक्कल करायची असते. ती इमानदारीने करते. 40 ला नोंद 1 होते. आता बटणाची सरळ बातमी ज्या गेटाकडे आहे ते म्हणते: बटण दाबलेले आहे, नोंद 1 आहे, तर दिवा 0 हवा. काही काळ जुन्या बातमीचा आधार दिव्याला लाभतो. 60 ला उलटी बातमी एकदाची पोचते, तो आधारही जातो, आणि 80 ला दिवा विझतो. नोंद 1, दिवा 0, बटण दाबलेले: ही तक्त्यातली अगदी कायदेशीर, स्थिर अवस्था आहे. सर्किट तिथे समाधानाने बसते. फक्त ती बटण दुसऱ्यांदा दाबल्यानंतरची अवस्था आहे. आपण एकदा दाबले. सर्किटाने दाबणे, सोडणे, पुन्हा दाबणे असे तीन बदल झाल्यासारखे वागून दाखवले.

स्टीफन अंगर यांनी 1959 साली याच दोषाला इसेन्शल हॅझर्ड असे नाव दिले आणि तो ओळखण्याची एक सुंदर कसोटी दिली. एखाद्या स्थिर अवस्थेतून इनपुट एकदा बदलल्यावर सर्किट जिथे पोचायला हवे आणि तेच इनपुट तीनदा बदलल्यावर जिथे पोचायला हवे, ती दोन ठिकाणे वेगळी असतील तर हा धोका तिथे आहेच. आपल्या दिव्याला एकदा दाबले तर तो लागतो. दाबा-सोडा-दाबा केले तर विझतो. ठिकाणे वेगळी. म्हणून धोका आहे, आणि तो गेटांची मांडणी कितीही बदलली तरी जात नाही. तो तक्त्यातच आहे. इसेन्शल म्हणायचे ते याच अर्थाने: आवश्यक नव्हे, अंगभूत.

यावरचा नेहमीचा इलाज मजेशीर आहे. दिव्याची बातमी परत फिरते त्या वाटेवर मुद्दाम उशीर घालायचा. 50 नॅनोसेकंदांचा उशीर घातला तर दिवा लागल्याची बातमी नोंदीपर्यंत 70 ला पोचेल आणि तोवर, 60 लाच, नोंदीला बटण दाबल्याचे कळलेले असेल. दोष गेला. पण आता सर्किटाला स्थिरावायला 50 ऐवजी जवळजवळ 150 नॅनोसेकंद लागतात. आतली शर्यत जिंकण्यासाठी आपण बाहेरच्या जगाकडून तिप्पट धीर मागितला. फंडामेंटल मोडची अट फुकट नसते ती अशी.

कामाच्या टेबलावर हे दोन दोष वेगळे ओळखता येतात. इनपुटाचा वेग कमी केला आणि दोष गेला, तर बाहेरून अट मोडली जात होती. इनपुट कितीही संथ केले तरी दोष राहिला, एका बोर्डावर आला आणि जुळ्या बोर्डावर आला नाही, बोर्ड तापल्यावर आला किंवा गेला, तर शर्यत आतली आहे. ऑसिलोस्कोपची टोचणी एखाद्या तारेला लावली की दोष गायब होतो आणि काढली की परत येतो, हेही त्याचेच लक्षण. त्या टोचणीच्या कपॅसिटन्समुळे तारेवर थोडा उशीर वाढतो आणि शर्यतीचा निकाल फिरतो. तिसरा एक प्रकार या दोन्हींत बसत नाही. साधे पुश-बटण जोडून हे सर्किट ब्रेडबोर्डवर बांधले की दिवा वाटेल तेव्हा लागतो किंवा विझतो. कारण बटणाचे पत्रे एकमेकांना टेकताना काही मिलिसेकंद थरथरतात. प्रत्येक थरथर सर्किटाला खरे दाबणे वाटते, आणि दोन थरथरींमध्ये बहुधा स्थिरावण्याइतका वेळही मिळतो. तिथे फंडामेंटल मोड शाबूत असतो आणि सर्किट बरोबर असते. इनपुटच आपल्याला वाटते ते नसते.

इतकी कटकट असेल तर घड्याळ का लावू नये, असा प्रश्न येणारच. जगाने तेच केले. आज आपल्या हातातल्या फोनपासून बँकेच्या संगणकापर्यंत बहुतेक सर्किटे एका सामाईक ठोक्यावर चालतात. ठोका पडला की सगळ्या आठवणी एकदम बदलतात, आणि पुढच्या ठोक्यापर्यंत मधल्या गेटांनी काय गोंधळ घालायचा तो घालून घ्यावा. असिंक्रोनस विद्या अडगळीत गेली ती या सोयीमुळे. पण ती ठोक्यावर बदलणारी आठवण, जिला फ्लिप-फ्लॉप म्हणतात, ती आतून कशाची असते?

आपल्या दिव्यात एकच फेरफार करा. बटण दाबलेले असताना दिव्याने नोंदीच्या उलट व्हावे, याऐवजी बाहेरून येणाऱ्या एखाद्या तारेची नक्कल करावी असे म्हणा. बाकी काही बदलू नका. बटणाच्या जागी घड्याळाची तार जोडा. झाला फ्लिप-फ्लॉप तयार. दिवा बाहेरची किंमत टिपतो, आणि ठोका उतरला की नोंद ती किंमत उचलते. म्हणजे घड्याळावर चालणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या पोटात घड्याळाविना चालणारे हे सर्किट बसलेले आहे. त्याच्या दृष्टीने घड्याळ हे घड्याळ नाहीच. दोन इनपुटांपैकी ते एक आहे, आणि दुसरे इनपुट म्हणजे बाहेरची तार. ही दोन्ही एकदम बदलली तर काय होते ते आपण पाहिले.

म्हणून फ्लिप-फ्लॉप विकणारी प्रत्येक कंपनी माहितीपत्रकात दोन आकडे छापते. 7474 या जुन्या, विद्यार्थ्यांच्या ओळखीच्या चिपच्या पत्रकात ठोक्याआधी 20 नॅनोसेकंद आणि ठोक्यानंतर 5 नॅनोसेकंद आत येणारी तार हलता कामा नये असे लिहिलेले असते. पहिल्याला सेटअप टाइम म्हणतात, दुसऱ्याला होल्ड टाइम. त्या चिपची आतली मांडणी आपल्या दिव्याहून निराळी आहे, पण तीही उलट फिरणाऱ्या तारांनी जोडलेल्या गेटांचीच. विद्यार्थी हे दोन आकडे पाठ करतात. ते फंडामेंटल मोडचेच आकड्यांत लिहिलेले रूप आहे, हे मला एकाही पुस्तकाने एका वाक्यात सांगितले नाही. सांगितले असते तर माझे बरेच कष्ट वाचले असते. घड्याळाने अट रद्द केली नाही. ती हजारो सर्किटांवरून काढून एका छोट्या, वारंवार वापरायच्या सर्किटावर नेऊन ठेवली, आणि बाकीच्या रचनाकारांना तिच्यापासून मोकळे केले. हा फार मोठा फायदा आहे, पण सुटका नाही.

सुटका नाही हे ठळकपणे दिसते ते दोन वेगळ्या घड्याळांचा संबंध येतो तिथे. एका चिपच्या घड्याळाला दुसऱ्या चिपचे घड्याळ ठाऊक नसते, आणि कळफलकावरच्या बोटाला तर कोणतेच घड्याळ ठाऊक नसते. अशी तार केव्हातरी नेमकी ठोक्याच्या त्या निषिद्ध पट्ट्यात बदलणारच. मग आपला मघाचा अर्धवट ठोका जन्माला येतो, मरायला खूप रुंद आणि टिकायला खूप अरुंद. कौलारू घराच्या आढ्यावर पडलेला पावसाचा थेंब पुढच्या पाख्यावरून जाईल की मागच्या, हे ठरायला जसा वेळ लागावा, तसा फ्लिप-फ्लॉप 0 आणि 1 यांच्या मधोमध अडकून राहतो. याला मेटास्टेबिलिटी म्हणतात. थॉमस चेनी आणि चार्ल्स मोलनार यांनी 1973 साली हे वर्तन मोजून प्रसिद्ध केले, तेव्हाही अनेक अभियंत्यांना ते पटवून घेणे जड गेले. अंकीय सर्किट अनिश्चित राहू शकते ही कल्पनाच त्यांच्या शिकवणीच्या विरुद्ध होती. त्या अडकण्याला वेळेची वरची मर्यादा नाही. एवढेच म्हणता येते की प्रत्येक ठरावीक काळानंतर ते अजून अडकलेले असण्याची शक्यता एका ठरावीक पटीने कमी होत जाते.

दुसरी वाट डेव्हिड मलर यांनी त्याच 1950 च्या दशकात दाखवली. सर्किट किती वेळात स्थिरावेल याचा बाहेरून अंदाज बांधायचा आणि तेवढे थांबायचे, हे त्यांनी सोडून दिले. त्याऐवजी सर्किटानेच ‘झाले’ असे कळवायचे आणि ते ऐकल्यावरच पुढचे इनपुट द्यायचे. रेल्वेत हे पूर्वीपासून आहे. सांधा फिरवायचा हुकूम दिला म्हणून सिग्नल पडत नाही; सांधा फिरून पक्का बसला हे उलट कळले की मगच पडतो. सांधा कितीही संथ असो, गाडी त्याच्यावर अर्ध्या वाटेत येत नाही. मलर यांचे सी-एलिमेंट नावाचे छोटे गेट अशाच कामाचे आहे. दोन्ही इनपुट 1 झाल्याशिवाय ते 1 होत नाही आणि दोन्ही 0 झाल्याशिवाय 0 होत नाही. मधल्या काळात आधी होते ते धरून बसते. अशा गेटांनी बांधलेल्या सर्किटांत 50 की 150 हा हिशेब करावा लागत नाही. किंमत मोजावी लागते ती तारांच्या संख्येत, कारण प्रत्येक बातमीबरोबर तिची पोच परत आणणारी तारही लागते.

आणि बोट? बोट कोणाच्याही पोचपावतीसाठी थांबत नाही. म्हणून बाहेरचे बटण आजही घड्याळाच्या सर्किटात आणताना एकापाठोपाठ एक दोन फ्लिप-फ्लॉप लावतात. पहिला अडकला तर अडको. दुसरा त्याच्याकडे एक पूर्ण ठोका उलटल्यावरच पाहतो, आणि तोवर थेंब बहुधा एका पाख्यावर उतरलेला असतो. जिथे ‘बहुधा’ पुरत नाही तिथे तिसरा लावतात.